तीनशे तुकड्यांचा नकाशा

यान हॉयखेन व्हान लिन्सखोटेन हा डच प्रवासी सोळाव्या शतकात काही वर्षं गोव्यात राहिला. त्याचं ‘इटिनेरारियो’ हे पुस्तक १५९६ मध्ये आम्स्टरडॅमला छापलं गेलं आणि त्यात जुन्या गोवा शहराचं एक भलंमोठं कोरीव चित्र होतं. घरं, चर्च, रस्ते, नदीत उभी असलेली गलबतं असं सगळं त्यात बारकाईनं कोरलं आहे. असे नकाशे आता अनेक ग्रंथालयांनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. पडद्यावर नकाशा उघडायचा, माउसचं चाक फिरवायचं, की एकेका घराचं छप्पर दिसायला लागतं. मात्र तो संगणकावर उतरवून घ्यावा म्हणून उजवं बटण दाबलं, तर एक तर ‘सेव्ह’चा पर्यायच येत नाही, किंवा हाताशी येतो तो चित्राचा चौकोनी कपटा.

त्याचं कारण असं की पडद्यावर अख्खं चित्र कधी आलेलंच नसतं. स्कॅन १०,००० पिक्सेल रुंद आणि ७,५०० पिक्सेल उंच आहे असं धरू. म्हणजे साडेसात कोटी पिक्सेल झाले. नेहमीच्या पडद्यावर एका वेळी मावतात जेमतेम वीस लाख. म्हणून सर्व्हर त्या स्कॅनचे छोटे चौकोन, म्हणजे टाइल, पाठवतो. शिवाय त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा लहान होत जाणाऱ्या आवृत्त्याही तयार असतात किंवा मागणीनुसार तयार होतात. चित्र पहिल्यांदा उघडतं तेव्हा सर्वांत लहान आवृत्तीच्या दोनच टाइल पुरतात. आपण झूम करत गेलो की पुढची आवृत्ती मागवली जाते, तीही नजरेसमोरच्या भागापुरती. म्हणूनच झूम केल्यावर चित्र क्षणभर धूसर दिसतं आणि मग चौकोना-चौकोनानं स्वच्छ होत जातं.

स्क्रीनशॉट घेऊन काम भागत नाही ते यामुळेच. पूर्ण नकाशा पडद्यावर बसवून घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये छपरं दिसत नाहीत, आणि झूम करून घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नकाशाचा एक कोपराच येतो.

टाइल जोडायला बसण्याआधी पानावर ‘डाउनलोड’ किंवा ‘एक्स्पोर्ट’चं बटण आहे का ते पाहावं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संस्था पुष्कळ नकाशांची मोठी फाइल थेट देतात. तसं बटण नसेल तर वापराच्या अटी वाचाव्यात. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा कॉपीराइट उरलेला नाही, पण संकेतस्थळाच्या स्वतःच्या अटी असू शकतात, आणि हयात चित्रकाराच्या कामाची गोष्ट तर वेगळीच आहे.

आता मुख्य काम. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये चित्राचं पान उघडून F12 दाबा आणि Network हा टॅब निवडा. पान पुन्हा लोड करून चित्र थोडं झूम केलं, की विनंत्यांची रांग दिसू लागते. त्यातल्या शेकडो `.jpg` नावांकडे दुर्लक्ष करायचं. आपल्याला हवी असते चित्राची कुंडली सांगणारी एक छोटी फाइल. ग्रंथालयं आणि संग्रहालयांमध्ये IIIF ही पद्धत बरीच रूढ आहे (उच्चार ‘ट्रिपल आय एफ’). तिच्यात या फाइलचं नाव असतं `info.json`. ती वेगळ्या टॅबमध्ये उघडली, की इतर मजकुराबरोबर साधारण असं काही दिसतं:

```
"width": 10000,
"height": 7500,
"tiles": [{ "width": 512,
  "scaleFactors": [1, 2, 4, 8, 16] }]
```

पहिल्या दोन ओळींत मूळ स्कॅनची मापं आहेत. प्रत्येक टाइल ५१२ पिक्सेलची आहे आणि चित्र सोळा पटींपर्यंत लहान करून मिळतं. एवढ्यावर हिशेब मांडता येतो. १०,००० ला ५१२ ने भागलं की साडेएकोणीस येतात, म्हणजे वीस उभ्या रांगा. ७,५०० ला भागलं की पंधरा आडव्या रांगा. एकूण टाइल तीनशे. IIIF मध्ये प्रत्येक टाइलचा पत्ता या मापांतूनच बनतो. पहिल्या आणि शेवटच्या टाइलचे पत्ते असे संपतात:

```
/0,0,512,512/512,/0/default.jpg
/9728,7168,272,332/272,/0/default.jpg
```

पहिले दोन आकडे सांगतात की टाइल डावीकडून आणि वरून किती पिक्सेलवर सुरू होते, पुढचे दोन तिची रुंदी आणि उंची. शेवटची टाइल २७२ बाय ३३२ इतकीच आहे, कारण तिथे चित्र संपतं.

कधी कधी हा सगळा खटाटोप लागतही नाही. `info.json` च्या पत्त्यातलं ते नाव काढून तिथे `full/max/0/default.jpg` टाकून पाहावं. सर्व्हरनं मर्यादा घातलेली नसेल तर अख्खं चित्र एका फाइलमध्ये येतं. अनेक संस्था ही मर्यादा घालतात आणि मग मिळतं ते लहान केलेलं चित्र. अशा वेळी टाइल जोडणं भाग पडतं.

तीनशे टाइल हातानं जोडायची गरज नाही. `dezoomify-rs` हा मोफत प्रोग्राम कुंडलीची फाइल वाचतो, टाइल आणतो आणि जागच्या जागी बसवतो. टर्मिनलमध्ये एक ओळ पुरते. पत्ता अर्थात आपल्या चित्राचा द्यायचा:

```
dezoomify-rs --largest "https://example.org/iiif/goa/info.json" goa.png
```

`--largest` मुळे सर्वांत मोठी आवृत्ती निवडली जाते. फाइल PNG ठेवण्याला कारण आहे. टाइल आधीच JPEG म्हणून दाबलेल्या असतात. जोडलेलं चित्र पुन्हा JPEG केलं तर दर्जा आणखी थोडा घटतो, PNG मध्ये तो आहे तसा राहतो. फाइल मात्र बरीच मोठी होते. शिवाय JPEG ची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जाऊ शकत नाही. लांबलचक गुंडाळीच्या स्कॅनला ही अडचण खरोखर येते.

काम झालं असं समजण्याआधी फाइलची मापं पाहावीत. ती १०,००० बाय ७,५०० नसून ५,००० बाय ३,७५० असतील, तर निम्म्या आकाराची आवृत्ती आली आहे. मग शंभर टक्के झूम करून चित्र फिरून बघावं. मध्येच रिकामे चौकोन दिसले तर काही टाइल आल्याच नाहीत. बहुधा आपण फार वेगानं मागणी केलेली असते आणि सर्व्हरनं 429 या आकड्यानं नकार दिलेला असतो. `--parallelism 2` देऊन एका वेळच्या विनंत्या कमी केल्या की हे सहसा सुटतं, आणि संस्थेच्या सर्व्हरवरचा भारही हलका होतो. आकडा 403 असेल तर सर्व्हर परवानगीच नाकारतो आहे. कधी त्याला विनंती कुठल्या पानावरून आली ते कळायला हवं असतं, कधी पत्त्यातल्या तात्पुरत्या किल्लीची मुदत संपलेली असते. दुसऱ्या प्रकारात पान पुन्हा उघडून नवा पत्ता घ्यावा लागतो. लॉगिनमागे ठेवलेल्या चित्रांना मात्र हात लावू नये.

सगळीकडे IIIF नसतं. डीप झूम पद्धतीत कुंडलीच्या फाइलच्या नावाला `.dzi` हे शेपूट असतं. तिच्यात शेजारच्या टाइल बहुधा एकमेकींवर एक पिक्सेल चढलेल्या असतात. स्वतः जोडणाऱ्यानं तो पिक्सेल कापला नाही तर चित्रभर बारीक रेघांची जाळी उमटते. जुन्या झूमिफाय पद्धतीत `ImageProperties.xml` शोधावी. वरचा प्रोग्राम या दोन्ही पद्धती ओळखतो.

टाइल जोडून मूळ स्कॅनपेक्षा जास्त तपशील मिळत नाही. `info.json` मधली रुंदी ही शेवटची हद्द. १०,००० पिक्सेल रुंदीचा नकाशा इंचाला तीनशे ठिपके या दर्जानं छापला तर सुमारे ३३ इंच रुंद निघतो. भिंतीवर लावायला आणि जवळ जाऊन छपरं पाहायला तेवढं पुरतं. त्याहून मोठा हवा असेल तर संस्थेलाच पत्र लिहून मूळ TIFF मागावी.