एकतर्फी खतावणी नोंद

एकतर्फी खतावणी नोंद म्हणजे संगणकीकृत हिशेबात एखाद्या व्यवहाराची नावे बाजू खतावणीत नोंदली जाऊन जमा बाजू न नोंदली जाण्याचा दोष होय. क्वचित याच्या उलटही घडते. द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराची नावे रक्कम आणि जमा रक्कम समान असावी लागते. एकतर्फी नोंदीमुळे ही समानता मोडते व पुस्तके जुळत नाहीत. दोन्ही नोंदी डेटाबेसमध्ये दोन स्वतंत्र आज्ञांनी लिहिल्या जाणे आणि त्या आज्ञा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधलेल्या नसणे, हे या दोषाचे नेहमीचे कारण आहे.

## पार्श्वभूमी

द्विनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आढळते. कागदी वहीत लेखनिक नावे नोंद लिहून जमा नोंद विसरू शकत असे. ही चूक तेरीज काढताना उघड होई. संगणकीय खतावणीत विसरण्याचा प्रश्न उरत नाही, पण दोन नोंदींच्या मधल्या क्षणी वीज जाणे, जोडणी तुटणे किंवा दुसरी आज्ञा नाकारली जाणे शक्य असते.

यावरचा उपाय म्हणजे डेटाबेसमधील ट्रान्झॅक्शन. ट्रान्झॅक्शन हा आज्ञांचा असा संच असतो की, त्यातील सर्व आज्ञा अमलात येतात किंवा एकही येत नाही. या गुणाला अविभाज्यता म्हणतात. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये या संकल्पनेचे सविस्तर विवेचन केले. १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी अविभाज्यता, सुसंगती, विलगता व टिकाऊपणा या चार गुणांसाठी ‘अ‍ॅसिड’ हे संक्षिप्त नाव रूढ केले.

## दोष कसा घडतो

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. नवी मुंबईलगतच्या जासई गावातील एका पतसंस्थेच्या सभासदाच्या बचत खात्यात १८,००० रुपये आहेत आणि त्याच्या कर्जाची बाकी ६०,००० रुपये आहे. तो ५,००० रुपयांचा हप्ता बचत खात्यातून कर्ज खात्यात वळवण्यास सांगतो. व्याज बाजूला ठेवले, तर बचत खात्यावर ५,००० रुपये नावे पडावेत आणि कर्ज खात्यावर तेवढेच जमा व्हावेत. संगणकप्रणाली त्यासाठी पुढील दोन आज्ञा देते:

```sql
INSERT INTO ledger (voucher_no, account_id, side, amount)
VALUES (4127, 'SB-118', 'DR', 5000.00);

INSERT INTO ledger (voucher_no, account_id, side, amount)
VALUES (4127, 'LN-042', 'CR', 5000.00);
```

पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल यांसारख्या डेटाबेसमध्ये वेगळी सूचना नसेल, तर प्रत्येक आज्ञा हेच एक स्वतंत्र ट्रान्झॅक्शन मानले जाते आणि ती पूर्ण होताच कायम होते. त्यामुळे पहिल्या आज्ञेनंतर जोडणी तुटली, तर नावे नोंद कायम राहते व जमा नोंद कधीच लिहिली जात नाही. बचत खात्यात १३,००० रुपये उरतात, पण कर्जाची बाकी ६०,००० रुपयेच दिसते. सभासदाचे पैसे कापले गेलेले असतात आणि संस्थेच्या दप्तरी मात्र त्याचा हप्ता थकीत राहतो. थकबाकीवर दंडव्याज आकारणारी प्रणाली असेल, तर तेही त्याच्या नावावर चढते.

## पुन्हा केलेल्या प्रयत्नाचा परिणाम

पडद्यावर चूक दिसल्यावर कर्मचारी बहुधा तोच व्यवहार पुन्हा करतो. या वेळी प्रणाली ४१२८ हा नवा व्हाउचर क्रमांक देते आणि दोन्ही नोंदी नीट होतात. आता बचत खात्यात ८,००० रुपये उरतात आणि कर्जाची बाकी ५५,००० रुपये होते. हप्ता एकच भरला गेला, पण पैसे दोनदा कापले गेले.

दिवसअखेरच्या बेरजेत या दोन परिस्थिती सारख्याच दिसतात. त्या दिवशीचे इतर सर्व व्यवहार दोन्ही बाजूंना ३,३७,५०० रुपयांचे असल्यास, पुन्हा प्रयत्न न झाल्यास नावे बेरीज ३,४२,५०० रुपये आणि जमा बेरीज ३,३७,५०० रुपये येते. पुन्हा प्रयत्न झाल्यास त्याच बेरजा अनुक्रमे ३,४७,५०० आणि ३,४२,५०० रुपये होतात. दोन्ही वेळा फरक ५,००० रुपयांचाच असतो, पण दुरुस्ती मात्र परस्परविरुद्ध असते.

पहिल्या परिस्थितीत राहून गेलेली जमा नोंद कर्ज खात्यावर करावी लागते. दुसऱ्या परिस्थितीत व्हाउचर ४१२७ ची नावे नोंद उलटवून बचत खात्यात ५,००० रुपये परत जमा करावे लागतात. दुसऱ्या परिस्थितीतही केवळ फरक मिटवण्यासाठी कर्ज खात्यावर जमा नोंद केली, तर बेरजा जुळतात, परंतु सभासदाच्या संमतीशिवाय त्याचे दोन हप्ते भरले जातात. यानंतर तेरीज काढूनही ही चूक सापडत नाही.

## शोध

एकूण बेरजेतील फरकावरून कारण नेमके ठरवता येत नाही. ५,००० रुपयांचा फरक एकतर्फी नोंदीमुळे येऊ शकतो, तसाच २,५०० रुपयांची रक्कम चुकीच्या बाजूला लिहिल्यानेही येऊ शकतो. शिवाय एका व्हाउचरची जमा बाजू आणि त्याच रकमेच्या दुसऱ्या व्हाउचरची नावे बाजू राहून गेली असेल, तर दोन्ही दोष एकमेकांना झाकतात आणि बेरीज जुळलेली दिसते. म्हणून तपासणी प्रत्येक व्हाउचरची स्वतंत्रपणे करावी लागते:

```sql
SELECT voucher_no,
       SUM(CASE side WHEN 'DR' THEN amount ELSE -amount END) AS diff
FROM ledger
GROUP BY voucher_no
HAVING SUM(CASE side WHEN 'DR' THEN amount ELSE -amount END) <> 0;
```

वरील उदाहरणात ही आज्ञा व्हाउचर ४१२७ आणि फरक ५,००० दाखवते. त्यानंतर त्याच सभासदाचा त्याच रकमेचा दुसरा व्हाउचर जवळपासच्या वेळेत झाला आहे का, हे पाहिले जाते. सभासदाने भरून दिलेल्या कागदी स्लिपा मोजणे हा अधिक भरवशाचा पुरावा होय. एकाच स्लिपेसाठी दोन व्हाउचर आढळल्यास पुन्हा प्रयत्न झाल्याचे स्पष्ट होते.

दुरुस्ती करताना मूळ नोंद पुसली जात नाही. त्याच व्हाउचर क्रमांकाखाली दुरुस्तीची नोंद केली जाते. त्यामुळे त्या व्हाउचरचा फरक शून्य होतो आणि काय घडले याचा मागही शिल्लक राहतो.

## प्रतिबंध

दोन्ही आज्ञा एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवणे हा मूळ उपाय आहे. त्यासाठी आधी `BEGIN` आणि शेवटी `COMMIT` ही आज्ञा दिली जाते. `COMMIT` होण्यापूर्वी जोडणी तुटल्यास डेटाबेस पहिली नोंदही मागे घेतो. तरीही काही परिस्थितींत हा उपाय निष्फळ ठरतो.

दुसरी आज्ञा नाकारली गेली असतानाही प्रणालीने `COMMIT` देणे, ही त्यांपैकी एक होय. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ट्रान्झॅक्शनमधील एक आज्ञा फसली की, पुढील आज्ञा नाकारल्या जातात आणि `COMMIT` दिले तरी सर्व काही मागे घेतले जाते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण यंत्रणेत मात्र खाते क्रमांक अस्तित्वात नसण्यासारख्या चुकीने फक्त ती एकच आज्ञा रद्द होते. त्यानंतरच्या `COMMIT` ने पहिली नोंद कायम होते. म्हणून चूक येताच स्पष्टपणे `ROLLBACK` देणे आवश्यक ठरते.

मायएसक्यूएलच्या मायआयसॅम या जुन्या साठवण यंत्रणेत ट्रान्झॅक्शनची सोयच नाही. तेथे `BEGIN` ही आज्ञा स्वीकारली जाते, पण नोंद लगेच कायम होते. तसेच `BEGIN` एका जोडणीवर आणि नोंदीची आज्ञा दुसऱ्या जोडणीवर गेल्यास ती नोंद ट्रान्झॅक्शनच्या बाहेर राहते.

खतावणीची रचना बदलूनही हा दोष टाळता येतो. नावे खाते, जमा खाते आणि रक्कम एकाच ओळीत साठवल्यास अर्धी नोंद होऊच शकत नाही. मात्र एका व्यवहारात तीन-चार खाती गुंतलेली असल्यास ही रचना गैरसोयीची ठरते.

`COMMIT` ची आज्ञा पोहोचल्यानंतर, पण तिचे उत्तर परत येण्याआधी जोडणी तुटल्यास व्यवहार पूर्ण झालेला असूनही कर्मचाऱ्याला तो फसल्यासारखा वाटतो. ट्रान्झॅक्शन ही दुबार नोंद रोखू शकत नाही. त्यासाठी स्लिपेचा क्रमांक डेटाबेसमध्ये अनन्य ठेवावा लागतो, म्हणजे त्याच स्लिपेची दुसरी नोंद नाकारली जाते.

## दोन बँकांमधील व्यवहार

नावे खाते एका बँकेत आणि जमा खाते दुसऱ्या बँकेत असल्यास दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाहीत. अशा वेळी पैसे पाठवणारी बँक ग्राहकाच्या खात्यावर रक्कम नावे टाकते आणि तीच रक्कम आपल्याच पुस्तकातील समायोजन खात्यात जमा करते. या दोन नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतात. दुसऱ्या बँकेत पैसे जमा झाले नाहीत, तरी पहिल्या बँकेची पुस्तके जुळलेलीच राहतात आणि अडकलेली रक्कम समायोजन खात्यात दिसते. एकतर्फी नोंदीत ती कोणत्याच खात्यात दिसत नाही, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

ग्राहकाच्या दृष्टीने मात्र परिणाम सारखाच असतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने अशा फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या. यूपीआयद्वारे पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊन समोरच्या खात्यात जमा न झाल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी लागते. त्यापुढील विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई देय असते.

याच्या उलट प्रकाराचे उदाहरण महाराष्ट्रात घडले. पुणे येथे मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या यूपीआय प्रणालीतील दोषामुळे पुरेशी शिल्लक नसलेल्या खात्यांतूनही रकमा पाठवल्या गेल्या आणि त्या इतर बँकांतील खात्यांत जमा झाल्या. मार्च २०१७ मध्ये उघड झालेल्या माहितीनुसार बँकेचे सुमारे २५ कोटी रुपये यात गेले. येथे जमा बाजू पूर्ण झाली होती, पण तिच्याशी जुळणारी वजावट झालेली नव्हती. नावे बाजू अपुरी राहिल्यास तोटा बँकेचा होतो आणि जमा बाजू राहून गेल्यास तो आधी खातेदाराला सोसावा लागतो.