डॉक्टरांचे सांत्वनपत्र

फ्रान्समधील संशोधकांनी २०१७ साली एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि डॉक्टरमंडळी गोंधळात पडली. २२ अतिदक्षता विभागांत रुग्ण दगावल्यानंतर निम्म्या नातेवाइकांना उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि परिचारिकेने हाताने लिहिलेले सांत्वनपत्र पाठवले गेले, उरलेल्यांना नाही. पत्र मिळालेल्यांचे दुःख थोडे तरी हलके होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. महिनाभराने दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. सहा महिन्यांनी मात्र चित्र उलटे होते. मानसिक आघाताची लक्षणे पत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ५२ टक्के लोकांत आढळली, तर न मिळालेल्यांपैकी ३७ टक्क्यांत. नैराश्याची लक्षणेही पत्रवाल्यांतच जास्त होती.

म्हणजे पत्र लिहूच नये का? नातेवाइकांच्या नंतर सविस्तर मुलाखती झाल्या, तेव्हा पुष्कळांनी पत्राने बरे वाटल्याचे सांगितले. आपले माणूस तिथे नुसता खाटेचा क्रमांक नव्हते, हे त्यांना त्यातून कळले. पण काहींच्या मनात शंका आल्या. अतिदक्षता विभागातली ओळख अवघ्या काही दिवसांची, डॉक्टर पाळीपाळीने बदलणारे. ज्यांच्याशी शेवटपर्यंत नीट बोलणे झाले नाही, त्यांचे पत्र पंधरवड्याने घरी येते आणि मागे राहिलेले प्रश्न पुन्हा उघडतात. उत्तर द्यायला समोर कोणी नसते.

याच संशोधकांनी पुढे पत्राऐवजी भेटींचा प्रयोग केला. रुग्ण वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर कुटुंबाशी बसून बोलणे, शेवटच्या तासांत डॉक्टरांनी खोलीत येऊन जाणे, आणि मृत्यूनंतर पुन्हा भेटून सांत्वन करणे, अशा तीन पायऱ्या होत्या. २०२२ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, सहा महिन्यांनंतरही शोकातून बाहेर न पडू शकणाऱ्यांचे प्रमाण एरवी २१ टक्के होते, ते या पद्धतीने १५ टक्क्यांवर आले. फरक अफाट नाही, पण दिशा पत्राच्या नेमकी उलट आहे. मी यातून एवढेच घेतो की, आधी बोलणे झाले असेल तरच पत्राला पाय असतात.

असे बोलणे झालेले असण्याची शक्यता फॅमिली डॉक्टर किंवा वर्षानुवर्षे एकच रुग्ण पाहणारे तज्ज्ञ यांच्याकडे जास्त. बोस्टनमधील डॉ. सुसाना बेडेल, डॉ. थॉमस ग्राबॉइस आणि त्यांच्या सहकारी यांनी २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा पत्रांवर लेख लिहिला होता. त्यातला एक सल्ला डॉक्टरांना पाळायला सर्वांत जड जातो: पत्रात आजाराचा तपशील उगाळू नका.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सातारच्या एका नर्सिंग होममध्ये ७१ वर्षांचे निवृत्त एसटी चालक चार वर्षे हृदयाच्या दुबळेपणासाठी उपचार घेत होते. अंगात पाणी साठे, दम लागे, दाखल व्हावे लागे. या आजारात रोज सकाळी वजन करायचे असते. दोन-तीन दिवसांत ते दोनेक किलोंनी वाढले, तर पाणी साठत असल्याचे समजून गोळ्या बदलतात. हे सगळे त्यांची पत्नी वहीत लिहून आणायची. एका रात्री ते गेले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश आला: ‘आपल्या रुग्णाचे हृदयक्रिया बंद पडून दुःखद निधन झाले. आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले, पण ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. भावपूर्ण श्रद्धांजली.’

यात खोटे काहीच नाही. पण ‘आपल्या रुग्णाचे’ म्हणताना माणसाचे नावच गेले. ‘सर्वतोपरी प्रयत्न’ हे कोणी न विचारता दिलेले स्पष्टीकरण आहे, आणि न विचारता दिलेल्या स्पष्टीकरणाने संशयच येतो. ईश्वरेच्छा घरातल्यांनी म्हणावी, पाहुण्यांनी म्हणावी. डॉक्टरांनी म्हटली की ती हात झटकल्यासारखी ऐकू येते. आता हेच दुसऱ्या तऱ्हेने:

‘काकू, अण्णा गेल्याचे फार वाईट वाटते, म्हणून लिहितो आहे. चार वर्षे ते माझ्याकडे येत होते. खुर्चीत बसले की स्वतःचे सांगण्याआधी “डॉक्टर, जेवलात का?” असे विचारायचे. तुम्ही रोजचे वजन न चुकता लिहून आणत होता, त्या वहीवरूनच मला औषध वेळेवर बदलता येत होते. त्या रात्रीबद्दल काही विचारावेसे वाटले तर कधीही या, आज नाही तर चार महिन्यांनी. दुपारी दोननंतर मी मोकळा असतो. भेटीची फी घेणार नाही.’

यातले वहीचे वाक्य सर्वांत मोलाचे. सांभाळणाऱ्या माणसाला पुढे हमखास एकच गोष्ट छळते: त्या लग्नात मी त्यांना लोणचे वाढले, म्हणून तर नाही ना? वहीची आठवण त्यावर थोडी फुंकर घालते, आणि ती खरी असल्यामुळेच घालते. काळजी घेतलीच गेली नसेल, तर हे वाक्य लिहू नये. आणखी एक गोष्ट अनेकदा चुकते. संमतीपत्रावर सही थोरल्या मुलाची असते म्हणून पत्रही त्यालाच जाते. रात्री उशाशी बसलेल्या सुनेचे नाव कुणाला आठवत नाही.

वेळेचेही भान हवे. पहिल्या दोन-तीन दिवसांत फोन पुरेसा. पत्र तेराव्यानंतर, पाहुणे परतल्यावर पोचावे असे मला वाटते, कारण घर खरे रिकामे तेव्हा होते. त्याआधी दवाखान्याने एक साधे काम करावे: संगणकातून त्या नावाचे पुढच्या तपासणीचे स्मरण आणि ‘आपला अनुभव कसा वाटला?’ हे मेसेज बंद करावेत. गेलेल्या माणसाच्या फोनवर तपासणीची तारीख येते, तेव्हा उत्तम पत्रही वाया जाते.

काही वेळा पत्र थांबवावेच लागते. शवविच्छेदन झाले असेल, व्हिसेरा राखून ठेवला असेल, तर मृत्यूच्या कारणाविषयी एक शब्दही लिहू नये; दुःख तेवढे कळवावे. रुग्णाने आजार घरच्यांपासून लपवला असेल, तर तो पत्रातूनही बाहेर पडता कामा नये. सोसायटीच्या किंवा दवाखान्याच्या ग्रुपवर असा संदेश टाकणे तर सरळ गोपनीयतेचा भंग आहे.

आपल्याकडचे डॉक्टर पत्र टाळतात ते बहुधा कोर्टाच्या आणि मारहाणीच्या भीतीने. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, आणि डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. ही भीती हवेतली नाही. पण ‘वाईट वाटते’ आणि ‘माझे चुकले’ यांत अंतर आहे. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याने तर माफी मागणे म्हणजे आपोआप निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असे स्पष्टच म्हटले आहे. चूक झालीच असेल, तर ती सांत्वनपत्राच्या कडेला कुजबुजत मांडू नये. त्यासाठी वेगळी, समोरासमोर बैठक हवी.

तशी भेट मागायला कुटुंब आले, तर डॉक्टरांनी केस पेपर उघडून बसावे. प्रती मागितल्या तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या ७२ तासांत द्याव्याच लागतात. त्या हसत दिल्या की पुष्कळ कुटुंबे प्रश्न तिथेच विचारतात, आणि फाईल न वाचताच घरी नेतात.