आईला सांगायचा शेरा

चाचणीत गणितात मला ४० पैकी १५ गुण मिळाले. प्रगतिपुस्तकात सरांनी इंग्रजीत लिहिले होते, "गणितात कच्चा, लक्ष देत नाही." आईला इंग्रजी येत नाही. रविवारच्या फोनवर मी सांगितले, "थोडी मेहनत हवी म्हणालेत." ती खूश झाली. मला मात्र झोप लागेना.

मग उत्तरपत्रिका उघडली. समीकरणांत २० पैकी १३ गुण होते, त्रिकोणांच्या सिद्धतांत २० पैकी २. पायऱ्या लिहिल्या होत्या, कारणे नव्हती. "कच्चा" म्हटल्याने हे कळत नाही आणि "मेहनत हवी" म्हटल्यानेही नाही. मी नवा शेरा लिहून सरांना दाखवला. सुरुवात होती, "हुशार आहे, पण". सरांनी तेवढेच खोडले. म्हणाले, "पण आला की आधीचे कोणी ऐकत नाही. गुणच सांग." राहिले ते असे: "गणितात ४० पैकी १५, जेमतेम पास. समीकरणे बरी सोडवतो. सिद्धतेत कारणे लिहीत नाही, म्हणून तिथे २० पैकी २. रोज एक सिद्धता कारणांसह लिहून दाखवावी."

पुढच्या रविवारी आईला हेच वाचून दाखवले.

"दोनच?" ती म्हणाली. मग विचारले, "आज लिहिलीस का?"