'सुई नाही ना टोचणार?' : समुपदेशकाकडे जाण्याआधी मुलाला सांगायची गोष्ट

मोलगीतल्या लहान मुलाला 'उद्या डॉक्टरकडे जायचंय' म्हटलं, की त्याला आधी आठवते ती सुई. समुपदेशकाकडे सुई नसते, पण हे त्याला कसं कळणार? एका छोट्या गोष्टीतून कळतं. अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी १९९०च्या दशकात स्वमग्न मुलांसाठी 'सोशल स्टोरी' ही पद्धत रुजवली. तीच इथे कामी येते. काय होणार ते क्रमाने सांगायचं, हुकूम सोडायचे नाहीत.

उदाहरणार्थ :

"सकाळी मी आणि आई जीपने घाट उतरून अक्कलकुव्याला जाऊ. तिथून एसटीने नंदुरबारला. तिथल्या ताई माझ्याशी बोलतील. कदाचित चित्र काढायला देतील. त्या सुई टोचत नाहीत. बोलावंसं वाटलं नाही, तर गप्प बसलं तरी चालतं. मग आम्ही घरी येऊ."

यातला 'कदाचित' मोलाचा. 'आई जवळच बसेल' असं सांगण्याआधी ताईंना विचारून घ्यावं, कारण काही वेळा त्या मुलाशी एकट्याशी बोलतात. शब्द मोडला, तर पुढच्या वेळी मूल विश्वास ठेवत नाही. 'मी रडणार नाही' हे वाक्यही नको. रडू आलंच, तर आपलंच चुकलं असं त्याला वाटतं. घरात भिली किंवा पावरी बोलत असतील, तर गोष्ट त्याच भाषेत, आधीचे दोन-तीन दिवस झोपताना सांगावी.