मार्गदर्शकांना भेट आणि चार ओळी

प्रबंध सादर झाला, तरी मार्गदर्शकांचे काम संपलेले नसते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान दोन बाह्य परीक्षकांसोबत तेही मूल्यमापन करतात. त्यामुळे मौखिक परीक्षेआधी महागडी वस्तू दिली, तर त्यांची पंचाईत होते. एखादे पुस्तक पुरे.

खरी भेट म्हणजे सोबतचे हाताने लिहिलेले पत्र. ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल आभार’ हे वाक्य प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आधीच छापलेले असते. पत्रात नेमका प्रसंग हवा: ‘सर, तिसऱ्या प्रकरणाच्या समासात तुम्ही “पुरावा कुठे?” असे लिहिलेत. म्हणून मी पुन्हा गावी जाऊन मुलाखती घेतल्या, आणि माझा निष्कर्षच बदलला.’ निकालाची चौकशी किंवा शिफारसपत्राची विनंती मात्र या पत्रात नको.