रात्रभर पोट रिकामे, तरी सकाळची साखर जास्त

मधुमेह असलेल्या अनेकांची साखर रात्री झोपताना आटोक्यात असते आणि सकाळी मात्र वाढलेली आढळते. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी काहीही खाल्लेले नसते. तरीही घरच्यांचा पहिला संशय चोरून खाण्यावरच जातो. प्रत्यक्षात ही साखर बहुतेक वेळा पोटातून आलेली नसते, ती यकृतातून आलेली असते. ती नेमकी कशामुळे आली, हे ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण दोन वेगवेगळ्या कारणांनी सकाळचा आकडा सारखाच दिसू शकतो आणि त्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट असतात.

प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात एका वेळी साधारण चार ते पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर ग्लुकोज असते. एकटा मेंदूच तासाला त्याहून अधिक ग्लुकोज वापरतो. झोपेत आठ-नऊ तास काही न खाता हा खर्च भागतो, तो यकृतामुळे. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाचे यकृत रात्री तासाला सुमारे सात ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडते. त्यातले काही ग्लायकोजेन या साठवलेल्या रूपातून येते, तर काही प्रथिनांचे घटक, लॅक्टिक आम्ल यांसारख्या पदार्थांपासून नव्याने तयार होते. हा पुरवठा किती असावा, यावर इन्सुलिनचे नियंत्रण असते. इन्सुलिन पुरेसे असले की यकृत हात आखडता घेते आणि ते कमी पडले किंवा त्याचा परिणाम घटला की यकृत जास्त ग्लुकोज सोडू लागते. म्हणून उपाशीपोटी तपासलेली साखर ही आदल्या रात्रीच्या ताटापेक्षा यकृत आणि इन्सुलिन यांच्यातल्या हिशेबाबद्दल अधिक सांगते.

हा हिशेब पहाटे बदलतो. गाढ झोपेत शरीरात वाढीच्या संप्रेरकाचे लोट येतात. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसोलची पातळी चढू लागते आणि जाग येण्याच्या सुमारास ती दिवसातल्या सर्वांत वरच्या टप्प्यावर पोहोचते. शरीराला जागे होण्यासाठी, हालचालीसाठी सज्ज करण्याची ही नैसर्गिक व्यवस्था आहे. पण ही संप्रेरके इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने काम करतात. त्यांच्या प्रभावाखाली स्नायू इन्सुलिनला कमी दाद देतात आणि यकृत ग्लुकोजचा पुरवठा वाढवते. मधुमेह नसलेल्या माणसात हे घडत असताना स्वादुपिंड थोडे जास्त इन्सुलिन सोडते, त्यामुळे साखर जवळपास जागच्या जागी राहते. मधुमेहात स्वादुपिंडाला ही वाढीव मागणी पुरी करता येत नाही आणि साधारण पहाटे तीन-चारपासून साखर चढू लागते. या चढाला 1981 साली मारिया इनेस श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डॉन फिनॉमिनन’, म्हणजे पहाटेची साखरवाढ, असे नाव दिले. रात्रीच्या नीचांकापेक्षा न्याहारीपूर्वीची साखर 20 मिलिग्रॅम किंवा अधिक वाढलेली असेल, तर ही वाढ आहे असे सामान्यतः मानतात. पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या मधुमेहात ती आढळते.

हा चढ जाग आल्यावर लगेच थांबत नाही. सहा वाजता 150 असलेली साखर काही न खाता नऊ वाजेपर्यंत आणखी वाढू शकते. उपाशीपोटी रक्त देण्यासाठी लॅबमध्ये ताटकळलेल्या रुग्णाचा आकडा घरच्या ग्लुकोमीटरवरील आकड्यापेक्षा मोठा येण्याचे हेही एक कारण असते. याच कारणाने रात्रीचे जेवण टाळून सकाळची साखर हमखास उतरत नाही. पोट रिकामे असतानाच यकृताचे हे काम चाललेले असते.

सकाळच्या वाढलेल्या साखरेचे दुसरे कारण याहून जुने आणि अधिक वादाचे आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील सेंट लुईस येथे काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल सोमोजी यांनी 1930 च्या दशकात असे मांडले की, इन्सुलिन जास्त झाल्याने साखर फार खाली गेली, तर शरीर उलट प्रतिक्रिया देते आणि साखर नको तितकी वर जाते. अशा रुग्णांचे इन्सुलिन वाढवण्याऐवजी कमी केल्यावर त्यांची साखर सुधारते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. तिला पुढे ‘सोमोजी परिणाम’ हे नाव मिळाले.

त्यामागची यंत्रणा खरी आहे. रक्तातली साखर 70 च्या खाली घसरू लागली की ग्लुकॅगॉन आणि अ‍ॅड्रिनलिन ही संप्रेरके स्रवतात आणि यकृताला ग्लुकोज सोडायला लावतात. कॉर्टिसोल आणि वाढीचे संप्रेरक त्यांच्या मदतीला येतात आणि त्यांचा प्रभाव काही तास टिकतो. वाद आहे तो हे किती वेळा घडते आणि सकाळपर्यंत साखर किती उंच जाते याबद्दल. त्वचेखाली सेन्सर बसवून दर काही मिनिटांनी साखर मोजणारी साधने आल्यावर रात्रीचे पूर्ण आलेख मिळू लागले. ज्या रात्री साखर खूप उतरते, त्या रात्रीनंतरची सकाळची साखर बहुधा कमीच असते, असे या आलेखांच्या अभ्यासांत आढळले. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात, विशेषतः पहिल्या प्रकारात, ग्लुकॅगॉनचा प्रतिसाद मंदावलेला असतो. गाढ झोपेत अ‍ॅड्रिनलिनही कमी स्रवते. मद्यपान केले असेल तर यकृताचे नवे ग्लुकोज तयार करण्याचे काम दबते. त्यामुळे रात्री उतरलेली साखर प्रत्येक वेळी आपोआप उसळी मारेल, असे धरून चालता येत नाही.

तरीही रात्री कमी आणि सकाळी जास्त, असा आलेख काही जणांत दिसतो. त्यात यकृताच्या प्रतिक्रियेसोबत आणखी दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. घाम फुटून जाग आलेला माणूस घाबरून मूठभर साखर, चार बिस्किटे आणि वर दूध घेतो. हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त होते. शिवाय आदल्या संध्याकाळी घेतलेल्या इन्सुलिनचा जोर तोवर ओसरत आलेला असतो.

हे ओसरणे भारतात नेहमी वापरल्या जाणाऱ्या 30/70 मिश्र इन्सुलिनमध्ये चांगले दिसते. त्यातला 30 टक्के भाग जेवणासाठी लवकर काम करणारा असतो, तर 70 टक्के भाग सावकाश. सावकाश भागाचा जोर टोचल्यापासून साधारण चार ते आठ तासांनी सर्वाधिक असतो. रात्री आठला इंजेक्शन घेतले, तर हा जोर बारा ते चारच्या दरम्यान येतो. त्या वेळी शरीराची इन्सुलिनची गरज सर्वांत कमी असते. नेमकी पहाटे गरज वाढते, तेव्हा तो उतरणीला लागतो. एकाच डोसमुळे मध्यरात्रीनंतर साखर घसरणे आणि सकाळी चढणे, दोन्ही घडू शकते.

हे फरक सकाळच्या एका आकड्यातून कळत नाहीत. त्यासाठी झोपताना, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशी तीनदा साखर तपासावी लागते. एका रात्रीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून लागोपाठ किंवा एक-दोन दिवसांच्या अंतराने तीन-चार रात्री नोंद ठेवतात. सेन्सर लावलेला असेल तर गजर लावून उठावे लागत नाही. मात्र सेन्सर बसवलेल्या हातावर कूस दाबून झोपल्यास त्यात खोटे कमी आकडे येऊ शकतात. शंका आल्यास बोटातून रक्त घेऊन खात्री करतात.

समजा, तीन व्यक्तींची सकाळी सातची साखर 185 आहे. पहिल्या व्यक्तीची साखर रात्री अकराला 135, तीनला 130 आणि सातला 185 अशी नोंदली गेली. अर्धी रात्र साखर स्थिर राहून नंतर 55 ने वाढली, म्हणजे ही पहाटेची साखरवाढ आहे. दुसऱ्या व्यक्तीचे आकडे 140, 58 आणि 185 आहेत. इथे मूळ अडचण तीन वाजताच्या 58 मध्ये आहे आणि सकाळचा आकडा तिच्यामागून आलेला आहे. तिसऱ्या व्यक्तीचे आकडे 215, 200 आणि 185 आहेत. तिची साखर पहाटे वाढलेलीच नाही. ती झोपतानाच जास्त होती आणि रात्रभर फारशी उतरली नाही. उशिरा केलेले जड जेवण किंवा अपुरे औषध, यांपैकी काहीतरी त्याला कारणीभूत असते.

आता या तिघांनीही सकाळचा आकडा पाहून रात्रीचे इन्सुलिन चार युनिटने वाढवले, तर काय होईल? तिसऱ्या व्यक्तीला कदाचित फायदा होईल. पहिल्या व्यक्तीची साखर पहाटे तीनला 70 च्या खाली जाण्याचा धोका निर्माण होईल. दुसऱ्या व्यक्तीची साखर 58 वरून आणखी खाली जाऊन झोपेतच शुद्ध हरपण्याची किंवा आकडी येण्याची वेळ येऊ शकते. म्हणून रात्रीचा डोस वाढवण्याआधी पहाटे तीनचा आकडा माहीत असणे आवश्यक ठरते.

पहिल्या व्यक्तीसाठी डॉक्टर यकृताचा पुरवठा आवरणारे उपाय निवडतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात मेटफॉर्मिन मुख्यतः हेच काम करते. इन्सुलिन लागत असेल, तर दिवसभर सपाट परिणाम देणारे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन देता येते. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांना पहाटे तीननंतरचा पुरवठा वाढवून ठेवता येतो. दुसऱ्या व्यक्तीत रात्रीचा डोस कमी करणे, इन्सुलिनचा प्रकार बदलणे किंवा सावकाश भाग वेगळा काढून तो झोपताना देणे, असे पर्याय असतात. 30/70 चे संपूर्ण इंजेक्शनच जेवणाऐवजी झोपताना घेणे मात्र धोक्याचे आहे, कारण त्यातला जेवणासाठीचा भाग रिकाम्या पोटी काम करू लागतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनीही रात्री साखर उतरू शकते, विशेषतः वृद्धांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत. हे सर्व बदल डॉक्टरांनी नोंदी पाहून करायचे असतात.

रात्री साखर उतरल्याच्या खुणा सकाळीही सापडतात. घामाने ओले झालेले कपडे किंवा उशी, वाईट स्वप्ने, झोपेतली तळमळ, उठल्यावर डोकेदुखी आणि नेहमीपेक्षा जास्त थकवा, या त्यातल्या प्रमुख होत. अनेकदा त्या शेजारी झोपणाऱ्याच्याच आधी लक्षात येतात. काही रुग्णांना कसलीच जाणीव होत नाही, त्यामुळे खुणा नसणे म्हणजे साखर उतरली नव्हती असे नाही.

तपासणीत साखर 70 च्या खाली आढळली आणि रुग्ण शुद्धीवर असला, तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून देतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून आकडा वर आला नसेल, तर तेवढेच पुन्हा देतात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते. वेळ आणि आकडा वहीत लिहून ठेवला, की पुढच्या भेटीत डोस कोणत्या दिशेने बदलायचा हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येते.