जेवून यायचं की उपाशी?

‘उद्या साखरेची तपासणी, सकाळी या.’ गरोदर बाईला असा मेसेज मिळाला की पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. मेसेजमध्ये नेमकं तेच नसतं!

वेळापत्रक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावरून मांडतात. तो 1 जानेवारी 2025 असेल, तर बाळातले व्यंग पाहणारी सोनोग्राफी 7 ते 21 मेदरम्यान येते आणि साखरेची दुसरी तपासणी 18 जून ते 16 जुलैदरम्यान. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच होते. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल, तर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून हे सगळं पुन्हा मांडावं लागतं.

सरकारी केंद्रात साखरेच्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर 140 किंवा जास्त भरली, तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करतात.

खाजगी लॅबमध्ये मात्र अनेकदा उपाशीपोटीची चाचणी असते. म्हणून मेसेजमध्ये चाचणीचा प्रकार, ‘दोन तास थांबावं लागेल’ ही सूचना आणि माता-बाल संरक्षण कार्डाची आठवण हवीच. नसेल, तर आशाताईंना किंवा लॅबला आदल्या दिवशीच फोन करून विचारा.